‘कोणी तपासत नाही’ म्हणून बायोडेटात तिन्ही भाषांपुढे फ्लुएंट लिहिणाऱ्यांसाठी

"जाहिरातीतली ‘मराठी, हिंदी, इंग्रजीवर प्रभुत्व’ ही अट नावापुरती असते. बायोडेटाच्या तळाशी तिन्ही भाषा टाका, पुढे फ्लुएंट लिहा, कोणी तपासत नाही. आणि मराठी तर आपली मातृभाषा, तिचा पुरावा कोण मागतंय?"

आधी पुराव्याचं बोलू, कारण तिथे चांगली चांगली मुलं अडकतात. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएट भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज करता, तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यावी लागते. 10वी किंवा 12वीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा विषय म्हणून दिसली, तर भाषेच्या चाचणीतून सूट मिळते. दिसली नाही तर मुख्य परीक्षेनंतर चाचणी द्यावी लागते आणि तीत नापास झालं की नेमणूक होत नाही. म्हणजे घरात जन्मापासून मराठी बोलणारी, पण शाळेत हिंदी आणि फ्रेंच घेतलेली पुण्याची मुलगी चाचणीला बसते. घरी भोजपुरी बोलणारा, पण 10वीला मराठी घेतलेला कल्याणचा मुलगा बसत नाही. मातृभाषेच्या रकान्याला तिथे किंमत नाही. म्हणून बँकेसाठी अर्ज करताना शिक्षणाच्या ओळीतच ‘10वी, मराठी विषयासह’ असं लिहावं आणि गुणपत्रिका हाताशी ठेवावी. शाळेत मराठी नव्हतीच, तर निकालाची वाट न बघता लिहायचा सराव सुरू करावा.

खासगी कंपन्यांत तपासणी होते, फक्त तिला परीक्षा म्हणत नाहीत. पहिल्या फोनवर बोलणं इंग्रजीत सुरू होतं आणि मध्येच पलीकडची व्यक्ती मराठीत प्रश्न विचारते. किंवा एक तक्रार अर्ज पुढे ठेवून उत्तर लिहायला सांगतात. समजा काम गृहकर्जाच्या तक्रारींचं आहे आणि समोरच्या अर्जात लिहिलंय, ‘कर्ज फेडूनही सातबाऱ्यावरचा बोजा उतरवलेला नाही, फेरफार नोंद प्रलंबित आहे.’ यातलं काय झालंय, ग्राहकाला कोणतं पत्र हवंय, हे समजून मुख्यालयाला चार ओळी इंग्रजीत पाठवायच्या आहेत. घरी अस्खलित मराठी बोलणारे कित्येक जण ‘बोजा’पाशीच थांबतात. ही अट या कामासाठी असते, गप्पांसाठी नव्हे.

‘फ्लुएंट’ या शब्दाने यातलं काहीच कळत नाही, कारण बोलणं, वाचणं, लिहिणं आणि टंकलेखन ही चार निरनिराळी कौशल्यं आहेत. समजा नाशिकच्या एका पतसंस्थेत काउंटरवर काम केलेली मुलगी या पदासाठी अर्ज करते आहे. तिच्या ओळी अशा असाव्यात:

मराठी: मातृभाषा, 12वीपर्यंत विषय. थकबाकीदारांना सूचनापत्रं आणि सभेचं इतिवृत्त लिहिते. टंकलेखन मिनिटाला 30 शब्द, जीसीसी-टीबीसी प्रमाणपत्र.

हिंदी: ग्राहकांशी रोज बोलते, अर्जातला मजकूर समजावून सांगते. औपचारिक लेखन मर्यादित.

इंग्रजी: ई-मेल आणि परिपत्रकं वाचते, ठरावीक नमुन्यातली पत्रं स्वतः लिहिते. बोलणं कामापुरतं.

बायोडेटा इंग्रजीत असला तरी मजकूर हाच. शिवाय अनुभवाच्या भागात एक ओळ हवीच: ‘सभासदांचे मराठी तक्रार अर्ज वाचून इंग्रजीत सारांश तयार केला.’ माझ्या मते तळाच्या भाषांच्या यादीपेक्षा या एका ओळीचं वजन जास्त, कारण तिच्यावर प्रश्न विचारता येतो आणि उत्तर देता येतं.

‘मर्यादित’ लिहिलं तर डावलतील, ही भीती खरी आहे. पण कोणती भाषा कशासाठी हवी, हे जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनात असतं, ते आधी वाचावं. या पदावर हिंदी फोनपुरती लागते, तेव्हा हिंदी लेखनातली मर्यादा नडत नाही. मराठीत पत्रं लिहायची असतील आणि तेच जमत नसेल, तर शब्द बदलून उपयोग नाही. पहिल्याच पत्राला ते उघडं पडतं. इंग्रजीला आयईएलटीएससारखा गुणांक असेल तर तारखेसह द्यावा. मराठीपुढे मात्र परीक्षा न देता सी-वन, सी-टू असल्या युरोपीय पातळ्या लिहू नयेत. त्या कुठून आल्या असं विचारलं, तर सांगण्यासारखं काही नसतं.

टंकलेखनाचा दावा करणाऱ्यांनी एक खात्री करावी. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येतं का, की फक्त जुन्या फॉन्टमध्ये? नमुना म्हणून जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल जोडली आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात.