फॉगिंगने डेंग्यू संपला, असे म्हणण्याआधी

«आमच्या लेआउटमध्ये ऑगस्टपासून दर आठवड्याला फॉगिंग केले आणि डिसेंबरपर्यंत डेंग्यू संपला. डास नाल्यातून येतात. टॉर्च घेऊन घराघरांत पाणी तपासणे हे नाटक आहे, तो सगळा पैसा फॉगिंगला द्या.»

हा मजकूर नागपूरभर फिरून शेवटी माझ्या सासूबाईंच्या फोनवर आला आणि त्यांनी कूलरची टाकी घासणे बंद केले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग आहे.

नाल्याचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. नाल्याच्या घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स डास वाढतात आणि रात्री चावतात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि घरातल्या व घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. आपल्याकडे अशी जागा म्हणजे प्रामुख्याने कूलर, कारण पाऊस सुरू झाला की तो बंद होतो, पण टाकीत पाणी तसेच राहते. ते ओतून देणे पुरेसे नाही. मादी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, ओलसर पत्र्याला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे घासणीने कडा खरवडल्याशिवाय टाकी स्वच्छ झाली असे मानू नये. खात्री करायची असेल तर टॉर्चचा उजेड पाण्यावर टाका. अळ्या लगेच वळवळत तळाकडे जातात. स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष दिसले तर एकदोन दिवसांत डास उडणार असे समजावे. उष्ण हवेत अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण 7 ते 10 दिवसांत होतो, म्हणून हे काम आठवड्यातून एकदा करावे लागते.

धुराचे म्हणाल तर, उद्रेकाच्या वेळी रुग्णाच्या घरात आणि आसपास फवारणी करण्याला अर्थ आहे, कारण तिथे विषाणू घेऊन फिरणाऱ्या माद्या लगेच कमी करायच्या असतात, एवढे मान्य. पण औषधाचा थेंब प्रत्यक्ष डासाला लागला तरच तो मरतो, आणि एडिस पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला असतो. रस्त्यावरून गाडी धूर सोडत जाते तेव्हा आपण नेमक्या खिडक्या लावून घेतो. अळ्यांना आणि कोषांना तर या धुराचा उपद्रवही होत नाही.

खरा घोळ आहे तो «डिसेंबरपर्यंत संपला» या पुराव्यात. आपल्याकडे डेंग्यू पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो आणि थंडीत, काहीही न करता, ओसरतो. समजा, धूर मारलेल्या लेआउटमध्ये सप्टेंबरात 40 रुग्ण होते आणि डिसेंबरात 4 उरले; धूर न मारलेल्या दुसऱ्या लेआउटमध्ये 30 चे 3 झाले. दोन्हीकडे घट 90 टक्केच, म्हणजे धुराच्या वाट्याला श्रेय काहीच येत नाही. तुलनेसाठी दुसरी वस्ती नसेल तर हे कळणारच नाही, आणि एकच वस्ती असली तरी पुरत नाही: शेजाऱ्यांचे डास आणि संसर्ग सामाईक असतात, म्हणून हजार घरांचा लेआउट हाही मोजणीत जवळजवळ एकच नमुना ठरतो. अनेक वस्त्या हव्यात, कुठे उपाय करायचा ते चिठ्ठी टाकून ठरायला हवे आणि मोजणारी माणसे उपाय करणाऱ्यांपेक्षा वेगळी हवीत. पाहणीचा दिवस आधी कळला की त्या सकाळी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या होतात, ही अडचण वेगळीच.

असा प्रयोग झालेला आहे. निकाराग्वातील मानाग्वा आणि मेक्सिकोतील गेरेरो येथे 150 वस्त्या चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटल्या गेल्या. ‘कामिनो वेर्दे’ नावाच्या या चाचणीचा निष्कर्ष 2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सरकारी डास नियंत्रण दोन्ही गटांत चालूच होते. एका गटात त्याखेरीज रहिवाशांना त्यांच्याच घरातल्या पाण्यातल्या अळ्या दाखवल्या गेल्या आणि पुढे काय करायचे ते त्या त्या वस्तीने ठरवले. डेंग्यूच्या हंगामापूर्वी आणि नंतर 3 ते 9 वर्षांच्या मुलांची लाळ तपासून नवा संसर्ग मोजला, त्यामुळे ताप न आलेली मुलेही हिशेबात आली. संसर्गाचा धोका 29.5 टक्क्यांनी कमी आढळला आणि अळ्या सापडलेल्या घरांचे प्रमाणही घटले. ज्याला नाटक म्हटले गेले, ते साधारण हेच काम.

29.5 टक्के म्हणजे डेंग्यूचा अंत नव्हे, आणि गेरेरो म्हणजे नागपूर नव्हे. तिथे पाणी साठवण्याची भांडी वेगळी, इथे कूलर. म्हणून पैसा कुठे घालायचा याचा वाद असेल तर पुढच्या जूनपूर्वी दोन्ही प्रकारच्या वस्त्या चिठ्ठीने निवडाव्यात, त्यांच्यामध्ये काही गल्ल्यांचे अंतर सोडावे, म्हणजे एकीकडचे डास दुसरीकडे जाऊन हिशेब बिघडवणार नाहीत, आणि दर 100 घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडतात ते उपायाच्या आधी आणि हंगामभर दोन्हीकडे मोजावे. रुग्णांची संख्या त्याच्या जोडीला ठेवावी, पण एकटीवर विसंबू नये, कारण ज्या लेआउटजवळ प्रयोगशाळा आहे तिथे तपासण्या जास्त होतात आणि रुग्णही जास्त दिसतात.