लोखंड तरंगतं त्याची गोष्ट

मटेरियलच्या तक्त्यातला माझा घनतेचा अख्खा रकाना परवा लाल पेनाने खोडला गेला. खोडणारा माणूस इंजिनिअर असता तर मी गिळलं असतं. खोडला आमच्या अकाउंटच्या काकांनी. ते मालकांचे मावसभाऊ, त्यामुळे जालना एमआयडीसीतल्या आमच्या शेडमधून त्यांच्या सहीशिवाय कागद बाहेर जात नाही. कॅलेंडरसुद्धा नाही.

काम साधं होतं. पुरवठादारांच्या कागदांवर घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आणि गिऱ्हाइकाच्या फॉर्मात किलो प्रति घनमीटरमध्ये. मी सगळं हजाराने गुणलं. पोलाद 7.85 चं 7850, नायलॉन 1.14 चं 1140. झालं.

"कामून रे, आकडे फुगवले?" काका म्हणाले. "कागदावर 7.85 आहे. तू डायरेक्ट साडेसात हजाराच्या वर?"

"काका, एकक बदललंय."

"मला नको शिकवू. सेंटिमीटरचं मीटर करायचं म्हणजे शंभर. शाळेत शिकलोय मी." आणि पोलादापुढे त्यांनी 785 लिहिलं. सुवाच्य अक्षरात. पॅकिंगवाल्या पोरांसमोर.

आता 785 म्हणजे काय? पाणी 1000. पाण्यापेक्षा हलकं ते तरंगतं. म्हणजे काकांचं पोलाद नाथसागरात टाकलं तर पैठणच्या घाटाला लागेल. अ‍ॅल्युमिनियम 270, ते तर सागवानाहून हलकं. अशा तक्त्यावर आमचा शिक्का बसणार होता.

मी कागद घेऊन बसलो. मीटरभर लांबीत 100 सेंटिमीटर, पण ठोकळ्याला लांबी, रुंदी, उंची तिन्ही असतात. 100 गुणिले 100 गुणिले 100, म्हणजे एका घनमीटरात दहा लाख घन सेंटिमीटर. पोलादाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरचं वजन 7.85 ग्रॅम, म्हणून एकूण 78 लाख 50 हजार ग्रॅम. हजार ग्रॅमचा किलो, म्हणून 7850 किलो.

"दहा लाख!" काका पोरांकडे बघून म्हणाले. "बघा, अजून फुगवलं."

मग मी पाण्याचा धडा काढला. मराठवाड्यातल्या माणसाला ग्रॅमची गोष्ट पटत नसेल, पण टँकर पटतो. काकांच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. ती बसवताना मिस्त्रीने भिंत कुठे आहे ते आधी विचारलं होतं, कारण भरली की तिच्यात एक टन पाणी असतं. ही हकिगत काकांनी आम्हाला प्रत्येक उन्हाळ्यात ऐकवली आहे. हजार लिटर म्हणजेच एक घनमीटर. पाण्याची घनता ग्रॅममध्ये 1, घनमीटरला 1000 किलो. मधे हजारच आला ना?

काका बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, जिंकलो.

"ते पाण्याचं झालं," ते म्हणाले. "लोखंडाचं वेगळं असतं."

खरं तर या रकान्यात विचारण्यासारखा एक प्रश्न होता, आणि तो कोणी विचारला नाही. एका पुरवठादाराने अ‍ॅल्युमिनियम नुसतं 2.7 दिलं होतं, दुसऱ्याने 2.70. हजाराने गुणल्यावर दोन्हींचं 2700 होतं आणि पहिल्याचा कच्चेपणा झाकला जातो. 2.7 म्हणजे 2.65 ते 2.75 मधलं काहीही असू शकतं. म्हणून मी मूळ आकड्याचा वेगळा रकाना ठेवला होता. तो काकांनी 'डबल एंट्री' म्हणून सगळ्यात आधी खोडला. अशा ठिकाणी काम नीट करणाऱ्याचाच पगार कापावा, म्हणजे बाकीच्यांना सोयीचं होईल.

शेवटचा उपाय म्हणून मी गजावर आलो. काकांनी नुकतं घर बांधलंय आणि प्रत्येक गज काट्यावर स्वतः उभं राहून मोजून घेतलाय. बारा मिलिमीटरचा, बारा मीटर लांब गज: छेदाचं क्षेत्रफळ 1.131 चौरस सेंटिमीटर, लांबी 1200 सेंटिमीटर, घनफळ साधारण 1357 घन सेंटिमीटर. घनमीटरमध्ये ते 0.001357.

"याला 7850 ने गुणा, काका."

कॅल्क्युलेटर त्यांचाच. 10.65 किलो आले.

"बरोबर," काका म्हणाले. "साडेदहाच्या वरच भरत होता एकेक."

"आता तुमच्या 785 ने गुणा."

1.065. काकांनी आकडा दोनदा दाबून बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा लाल होत गेला, आणि मालक केबिनमधून डोकावून "दोन्ही आकडे लिहा रे, गिऱ्हाईक बघून घेईल" म्हणाले तेही त्यांना ऐकू गेलं नाही. खिशातून मोबाईल निघाला.

"हॅलो, शेठ? माझ्या घराचं गजाचं बिल काढा बरं जरा. एक किलोचा गज तुम्ही मला दहा किलोला लावलाय!"