आमच्या बाबांची तिथी मंगळवारीच होती!

फॅमिली ग्रुपवरचा मेसेज वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय. मंगळवारी बाबांचं श्राद्ध केलं आणि नमस्काराचा फोटो ग्रुपवर टाकला. सकाळी उठून बघतो तर आत्याचा मेसेज: "अरे, श्राद्ध बुधवारी. कॅलेंडरसुद्धा बघितलं नाहीस? तिकडे जाऊन सगळंच सोडलंत." खाली चौघांचे हात जोडलेले इमोजी.

कॅलेंडर बघितलं होतं हो, आणि नीट बघितलं होतं. बाबांची तिथी वद्य अष्टमी. या वेळी ती भारतात मंगळवारी संध्याकाळी ५ ला लागली आणि बुधवारी दुपारी ४ ला संपली. वार्षिक श्राद्धाला तिथी अपराह्नी असावी लागते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच भाग केले की चौथा भाग तो अपराह्न. थंडीत भारतात तो साधारण दीड ते पावणेचार. तेवढ्या वेळात अष्टमी बुधवारीच होती, म्हणजे आत्याचं बुधवार तिच्यापुरतं बरोबर.

पण मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. हिवाळ्यात आम्ही साडेदहा तास मागे. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, घड्याळं मात्र वेगळी. तीच अष्टमी इथे मंगळवारी सकाळी साडेसहाला लागली आणि बुधवारी पहाटे साडेपाचला संपली. इथला दिवस आखूड, अपराह्न पाऊण ते अडीच. तो मंगळवारी अष्टमीत होता. बुधवारी दुपारी इथे चक्क नवमी! बुधवारी केलं असतं, तर बाबांच्या तिथीला काहीच झालं नसतं. सांगा आता, कोणी काय सोडलं?

ग्रुपवर हे एवढं कुठे लिहिणार? "बरं" लिहिलं आणि गप्प बसलो.

राग फक्त आत्यावर नाही. आधी ज्या गुरुजींना विचारलं, त्यांनी भारतातल्या बुधवारी सकाळी ८ ची वेळ दिली होती, व्हिडिओ कॉलवर. तेव्हा माझ्याकडे मंगळवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असणार. श्राद्ध रात्री करत नाहीत, हे आपल्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. गुरुजींचा दिवस धरायचा की करणाऱ्याचा? शेवटी दुसरे गुरुजी मिळाले. ते स्वतः रात्री सव्वाअकराला पुण्यात जागे राहिले, तेव्हा कुठे इथे पाऊण वाजता सुरुवात झाली. तरी संकल्पात सवयीने "दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणून गेले. मी "गुरुजी, गोदावरी?" म्हटल्यावर हसले आणि देश बदलून पुन्हा संकल्प सांगितला.

आता कोणी म्हणेल, श्रद्धा महत्त्वाची, वेळेचं काय एवढं. असेलही. आणि सगळ्या भावंडांनी एकाच दिवशी करावं म्हणून परदेशात राहून भारतातला वार धरणारी घरं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मग मंगळवारवाल्याला नावं ठेवू नका.

(ज्यांच्याकडे नुकतंच कोणी गेलं असेल त्यांनी एक करा: मृत्यूची वेळ आणि गाव लिहून ठेवा. त्या क्षणी चालू होती तीच तिथी. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, ती सकाळी दहालाही संपू शकते. दुपारी गेलेल्या माणसाची चुकीची तिथी मग वर्षानुवर्षं चालते.)

एवढं लिहून जरा शांत झालोय, तर दुसरी बाजूही सांगतो. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं लागतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप, प्रत्येकाच्या नावाने पिंड. पणजोबांचं नाव मला येत नव्हतं. ते कोणी सांगितलं? याच आत्याने. रविवारी फोन केला तर आधी गोत्र नीट म्हणून घेतलं, मग पणजोबांचं नाव, मग ते धोतर कसं नेसायचे इथपर्यंत. शेवटी म्हणाली, "दादाला पिंडावर तूप जरा जास्त घाल रे." तिच्या मेसेजमधलं "बुधवारी" म्हणजे बहुधा एवढंच, की तीही त्याच दिवशी पान वाढून बसणार होती आणि आमचं आधीच उरकलं. तरी "सगळंच सोडलंत" हे लागलंच.

पुढे आईचं श्राद्ध येतंय. तिच्या वेळी आई, आजी, पणजी अशी नावं लागतील. घरातली वंशावळ काढून बघितली, तर त्यात पुरुषच पुरुष! पणजीचं नाव कुठेच नाही. सासरी ठेवलेलं नाव तरी कोणाच्या लक्षात असेल का? आता आत्याकडे रात्र आहे. तिची सकाळ झाली की फोन लावतो. पणजीचं नाव विचारायचंय, आणि तिथीचे तास तिला कागदावर लिहून घ्यायला लावणार आहे.