पिचमध्ये आधी चाळ, मग आकडे

शेतीतल्या स्टार्टअपच्या बहुतेक पिच एकाच वाक्याने सुरू होतात: "भारतात दरवर्षी इतक्या हजार कोटींचा शेतमाल वाया जातो." समोरच्या गुंतवणूकदाराने हे वाक्य त्याच आठवड्यात आणखी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. आकडा खरा असला तरी त्यातून नुकसान कुणाचं होतं आणि ते टाळायला पैसे कोण मोजेल, हे कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिलं दीड मिनिट एका माणसाचा एक हंगाम सांगा. पण गोष्ट अशी निवडा की पुढचा प्रत्येक आकडा तिच्यातूनच निघेल.

कांदा चाळीत सेन्सर बसवणाऱ्या स्टार्टअपचं उदाहरण घेऊ. ढिगातली आर्द्रता आणि सडताना सुटणारा वायू मोजून शेतकऱ्याला वेळेवर कळवायचं, हे त्यांचं काम. आकडे हिशेब कळावा म्हणून मी धरलेले आहेत. स्क्रिप्ट अशी:

"निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मे महिन्यात 250 क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत भरला. त्या दिवशी लासलगावला भाव 1,200 होता. विकला असता तर 3 लाख हातात आले असते. तो थांबला. ऑगस्टमध्ये भाव 2,000 वर गेला, त्याने चाळ फोडली. वरचा थर खणखणीत होता, पण मध्ये हात घातला तर ओला लागला. वास बाहेर येईपर्यंत आतला कांदा केव्हाच सडला होता. निवडून 175 क्विंटल बाजारात गेला, साडेतीन लाख आले. भरणी आणि निवडणीची मजुरी 30 हजार. तीन महिने जोखीम घेऊन हाती जास्तीचे राहिले 20 हजार."

इथे थांबायचं, एक श्वास घ्यायचा. "बिचारा शेतकरी" म्हणायचं नाही, रडका सूर तर मुळीच नको. हा माणूस हिशेबी आहे, भाव बघून निर्णय घेतो, आणि उद्या तोच तुमचा ग्राहक आहे. फक्त कणव वाटली तर लोक टाळ्या वाजवतात, चेक लिहीत नाहीत.

आता आकडे. गेलेल्या 75 क्विंटलपैकी 35 क्विंटल ही वजनातली घट धरू. कांदा सुकतो, ती घट सेन्सरने थांबत नाही, आणि हे तुम्ही स्वतःहून सांगायचं. उरलेले 40 क्विंटल सडले किंवा कोंब फुटून गेले. सड सुरू होतानाच कळलं असतं तर तेवढा भाग उपसून निम्मा माल, म्हणजे 20 क्विंटल, वाचला असता. 2,000 च्या भावाने 40 हजार. तुमची एका हंगामाची फी 8 हजार. शेतकरी पैसे का देईल, याचं उत्तर इथेच मिळतं.

यातली "निम्मा वाचला असता" ही जागा सगळ्यात नाजूक आहे. तिथे पुरावा हवा: एकाच गावातल्या, एकाच आठवड्यात भरलेल्या चाळी, काहींत सेन्सर, काहींत नाही, आणि दोन्हींकडच्या वजनाच्या पावत्या. तो नसेल तर "हा आमचा अंदाज आहे, या हंगामात तपासतोय" असं सरळ म्हणा.

दुसरी नाजूक जागा भावाची. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. कांदा जाणणारा गुंतवणूकदार विचारणारच, "भाव पडला तर?" म्हणून वाचलेला माल आधी क्विंटलमध्ये सांगा, मग रुपयांत. भाव 800 वर आला तरी 20 क्विंटलचे 16 हजार होतात, फी निघते. 400 वर आला तर 8 हजारच होतात, शेतकऱ्याला काहीच उरत नाही. ही मर्यादा तुमच्या तोंडून आली तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

बाजार केवढा, हेही चाळींतच मोजा. देशाचं एकूण कांदा उत्पादन घेऊन त्याचा एक टक्का काढू नका. ज्या तालुक्यांत तुमचा माणूस दुरुस्तीला एका दिवसात पोचू शकतो, तिथल्या 250 क्विंटलच्या आसपासच्या चाळी मोजा आणि 8 हजारांनी गुणा. रक्कम लहान दिसेल, पण ती तुमची असेल.

स्क्रिप्ट जमली की नाही, हे पहिल्या प्रश्नावरून कळतं. "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" असं आलं तर गोष्ट लांबली किंवा भरकटली. "दुसऱ्या हंगामाला किती जणांनी परत पैसे भरले?" असं आलं तर समोरचा चाळीच्या हिशेबात शिरला आहे. त्याचं उत्तर पुढच्या स्लाइडवर तयार ठेवा, आणि मागणी त्याच्या नंतर: किती रुपये, त्यातून किती चाळी, कोणत्या महिन्यापर्यंत. एप्रिलपर्यंत सेन्सर बसले नाहीत तर तो अख्खा हंगाम गेला, हेही त्याच स्लाइडवर लिहा.