सुका कप्पा आधी भरतो

"घरी ओला-सुका वेगळा करणं म्हणजे लोकांचा वेळ वाया घालवणं आहे. गाडीत शेवटी सगळं एकत्रच टाकतात. दोन्ही वेगळं उचलायचं तर पालिकेचा खर्च दुप्पट. त्यापेक्षा शेवटी एक मोठं यंत्र बसवा, ते सगळं निवडून देईल. लोकांच्या सवयी काही बदलत नसतात. पटलं तर पुढे पाठवा."

हा मजकूर आता कचरा व्यवस्थापनाच्या प्रकल्प-सादरीकरणांतही येऊन पोचला आहे. सादरीकरण संपलं की परीक्षक किंवा समोर बसलेले लोक यातलंच एखादं वाक्य प्रश्न म्हणून विचारतात आणि विद्यार्थी "जनजागृती करायला हवी" एवढं बोलून खाली बसतात. ते उत्तर पुरत नाही, कारण यातल्या एका वाक्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करावं लागतं. गाडीत कचरा खरोखरच एकत्र होतो. का होतो, हे मात्र तो मजकूर सांगत नाही. म्हणून सुरुवात गाडीपासून करते.

एक फेरी घेऊ. सोयीसाठी 1000 घरं धरा. प्रत्येक घरातून रोज 1 किलो ओला आणि अर्धा किलो सुका कचरा निघतो. ओला कचरा जड आणि दाट असतो. एका घनमीटरमध्ये साधारण 500 किलो मावतो, असं धरलं तर 1000 किलो ओल्याला 2 घनमीटर जागा पुरते. सुक्यात रिकाम्या बाटल्या, खोकी, पिशव्या, म्हणजे बरीचशी हवाच असते. तो घनमीटरला 100 किलोच्या आसपास मावतो, म्हणून 500 किलो सुक्याला 5 घनमीटर लागतात. वजनाने निम्मा असलेला कचरा जागा अडीचपट खातो.

आता गाडीचा हौदा 7 घनमीटरचा आहे आणि मधोमध पत्रा घालून त्याचे दोन सारखे भाग केले आहेत, असं समजा. कागदावर हिशेब बरोबर आहे, 2 आणि 5 मिळून 7. पण सुक्याचा साडेतीन घनमीटरचा कप्पा 700 व्या घरापाशीच भरतो. त्या वेळी ओल्याचा कप्पा अर्ध्याहून जास्त रिकामा असतो. अजून 300 घरं बाकी आहेत, फेरी वेळेत संपवायची आहे आणि हातात सुक्याची पिशवी आहे. कामगार ती ओल्यात टाकतो. दुसरा मार्ग त्याला कुणी ठेवलेलाच नाही. शेवटच्या 300 घरांचा दीड घनमीटर सुका कचरा त्या कप्प्यात जातो आणि सगळ्या 1000 घरांचा ओला कचरा मिश्र ठरतो. ज्यांनी मनापासून वेगळा केला, त्यांचाही.

हे ओळखायला फेरीच्या शेवटी गाडी तपासून उपयोग नाही. फेरीसोबत चालत जा आणि सुका कप्पा कितव्या घरापाशी भरला, एवढं टिपून घ्या. आकडा रोज जवळपास तोच येत असेल तर दोष पत्र्याच्या जागेचा आहे. रोज वेगळा येत असेल, किंवा पहिल्या गल्लीपासूनच मिसळलं जात असेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं. कामगारांचं वेतन नुसत्या वजनावर ठरतं का, गाडी जिथे रिकामी होते तिथे दोन वेगळ्या जागा आहेत का, हे विचारायचं. उतरवण्याची जागा एकच असेल तर वर कितीही कप्पे केले तरी खाली ढीग एकच होणार.

उपाय दोन आहेत. पत्रा सरकवून कप्पे 2 आणि 5 च्या प्रमाणात करायचे, किंवा दिवस वेगळे करायचे: ओला रोज, सुका आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी. दुसरा उपाय मला जास्त पक्का वाटतो, कारण ज्या दिवशी गाडीत एकाच प्रकारचा कचरा येतो त्या दिवशी मिसळायला काही उरतच नाही.

खर्चाचं उत्तरही याच हिशेबात दडलं आहे. दुप्पट खर्चाचा अंदाज असं गृहीत धरतो की आज जी गाडी फिरते तशाच दोन गाड्या तितक्याच वेळा फिरतील. पण ओला कचरा मुळातच दाट असतो, त्याला दाबणारी महागडी गाडी लागत नाही. उलट दाबला तर त्याचं पाणी रस्त्यावर गळतं. वरच्या 1000 घरांना ओल्यासाठी रोज 2 घनमीटरची छोटी, उघड्या हौद्याची गाडी पुरते. सुका आठवड्याला 35 घनमीटर होतो. दोन दिवसांत वाटला तर दर खेपेला साडेसतरा. दाबणारी गाडी त्याचं आकारमान तिसऱ्या हिश्श्यावर आणते असं धरलं, तर सहा घनमीटरच्या आत बसतो. म्हणजे आज आठवड्याला 7 घनमीटरच्या गाडीच्या सात फेऱ्या होतात, त्याऐवजी छोट्या गाडीच्या सात आणि दाबणाऱ्या गाडीच्या दोन. फेऱ्या सातच्या नऊ झाल्या, चौदा नाही. त्यातल्या सात तर कमी इंधनाच्या, कमी किमतीच्या गाडीच्या.

पुढचा टप्पा कचरा डेपोचा. त्या दीड हजार किलोत पाणी किती आहे पाहा. ओल्यात 70 टक्के आणि सुक्यात 10 टक्के धरलं तर 750 किलो, म्हणजे बरोबर निम्मं. मिश्र कचरा दूरच्या डेपोवर नेणारी पालिका निम्मा वाहतूक खर्च पाणी वाहण्यावर करते. वेगळा मिळालेला ओला कचरा जवळपास कुठे तरी कुजवता येतो आणि खत होईपर्यंत त्याचं वजन निम्म्याहून कमी होतं.

तरीही सादरीकरणात "वर्गीकरणाने लगेच पैसे वाचतात" असं लिहू नका. बदलाच्या काळात खर्च वाढतो. डबे द्यावे लागतात, घरोघर माणसं पाठवावी लागतात, आणि जुनी मिश्र फेरी बंद होईपर्यंत दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालतात. बचत जुनी फेरी खरोखर थांबते त्या दिवशी सुरू होते. निम्म्याच घरांनी भाग घेतला आणि ओल्याची गाडी अर्धी रिकामी फिरत राहिली, तर दर टनामागे खर्च आधीपेक्षा जास्त येतो. म्हणून खर्चाच्या तक्त्यात किती घरं सहभागी आहेत, हा रकाना हवाच. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

आता यंत्र. मी यंत्राच्या विरोधात नाही. वेगळ्या आलेल्या सुक्या कचऱ्यातून प्लास्टिकचे प्रकार निवडायला यंत्रं लागतातच. पण मिश्र कचरा आत टाकून दोन स्वच्छ ढीग बाहेर काढण्याची गोष्ट वेगळी आहे. मिश्र कचरा आधी मोठ्या फिरत्या चाळणीत, म्हणजे ट्रॉमेलमध्ये जातो. भोकातून खाली पडतं ते ओलं, वर राहतं ते सुकं, असा ढोबळ नियम. पण भोकातून फुटलेली काच पडते, बाटल्यांची बुचं पडतात, घड्याळातले बटणासारखे सेल पडतात. चुंबक लोखंड उचलतो, काच उचलत नाही. वर राहिलेला कागद तोवर ओला आणि तेलकट झालेला असतो, आणि असा कागद कागद गिरणी नाकारते.

सगळ्यात मोठी अडचण चाळणीच्या पलीकडची आहे. कुजणारा ओला कचरा सुरुवातीला आम्लधर्मी होतो. त्यात बॅटरीचे किंवा रंगवलेल्या वस्तूंचे तुकडे पडून राहिले की त्यातले धातू विरघळून खतात उतरतात. त्यानंतर मूळ तुकडा वेचून काढला तरी विरघळलेला धातू खतातच राहतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने हा मार्ग वापरून पाहिला होता. मिश्र कचऱ्यातून यंत्राने काढलेला सेंद्रिय माल तिथे जमिनीवर टाकायला परवानगी होती. 2018 मध्ये तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने ती काढून घेतली, कारण मालात धातू, रसायनं आणि काच-प्लास्टिकचे तुकडे सापडत होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसारही 2027 पासून घरगुती जैव कचऱ्याचं खत पुनर्चक्रणात तेव्हाच मोजलं जाईल, जेव्हा तो कचरा वेगळा गोळा केलेला असेल किंवा उगमापाशीच वेगळा केलेला असेल.

कुणी मिश्र कचऱ्याच्या खताचा नमुना दाखवला तर तो वाळवा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेलं पांढऱ्या कागदावर पसरा. काच आणि प्लास्टिक लगेच दिसतं. धातूंसाठी मात्र प्रयोगशाळाच हवी.

राहिला सवयींचा मुद्दा. दाट वस्तीच्या, बहुमजली इमारतींच्या शहरात हे जमणार नाही, असं सांगितलं जातं. इटलीतलं मिलान हे तसंच शहर आहे, लोकसंख्या दहा लाखांहून जास्त. तिथे 2012 च्या नोव्हेंबरमध्ये स्वयंपाकघरातला ओला कचरा दारात येऊन वेगळा उचलायला सुरुवात झाली आणि 2014 च्या मध्यापर्यंत सगळं शहर त्यात आलं. घरोघर हवा खेळणारे छोटे डबे आणि कुजणाऱ्या पिशव्या दिल्या गेल्या. हवा खेळली की ओलावा कमी होतो, वास कमी येतो, आणि वास हीच लोकांची सगळ्यात खरी तक्रार असते. शहर एका दमात न घेता भागाभागाने घेतलं. दक्षिण कोरियाने दुसरा रस्ता धरला. 1995 पासून तिथे कचऱ्याच्या आकारमानावर पैसे घेतले जातात, पुढे अनेक इमारतींत खाद्य कचरा वजन करून घेणारे डबे आले. पैशाच्या मार्गाला धोकाही आहे. देखरेख नसेल तर लोक पिशवी रात्री कोपऱ्यावर नेऊन टाकतात. म्हणून जिथे उघड्यावरचा कचरा रोज मोजला जात नाही, तिथे मी दर आकारणी सुचवणार नाही.

माणसं शिकतात ती लगेच मिळालेल्या उत्तरातून. पिशवी नाकारली, का नाकारली हे त्याच सकाळी दारात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर पिशवी उचलली, तर बहुतेक घरं सुधारतात. महिन्याभराने आलेल्या नोटिशीचा तसा उपयोग होत नाही, कारण तोवर कोणती पिशवी, कोणता दिवस, काहीच आठवत नसतं. आणि डोळ्यांदेखत गाडीत मिसळलं जात असेल, तर घरातलं वर्गीकरण थांबवणाऱ्या माणसाला मी आळशी म्हणणार नाही. त्याने जे पाहिलं त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे. आधी पत्रा सरकवा, मग त्याला विचारा.

विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती. "तुम्ही कचरा वेगळा करता का?" या प्रश्नावलीवर निष्कर्ष उभारू नका, तिथे बहुतेक जण हो म्हणतात. पन्नास घरांचे ओल्याचे डबे, घरमालकांची परवानगी घेऊन, वेगवेगळे वजन करा. त्यातलं चुकीचं काय आहे ते बाजूला काढून त्याचंही वजन करा. मग घरांची यादी चुकीच्या वजनानुसार उतरत्या क्रमाने लावा. बहुतांश घाण वरच्या मोजक्या घरांतून येताना दिसली, तर सगळ्या वस्तीला भाषण देण्याऐवजी त्या दारांवर जायचं. चूक सगळीकडे सारखी पसरलेली दिसली, तर सूचनेतच काही तरी अस्पष्ट आहे. बहुधा वापरलेला टिश्यू पेपर किंवा सॅनिटरी पॅड कुठे टाकायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि पॅडसाठी वेगळी तिसरी पिशवी लागते. हेच मोजमाप एका सणाच्या आठवड्यात आणि एका साध्या आठवड्यात, असं दोनदा करा. एकाच आठवड्याचा आकडा वर्षभराचा म्हणून मांडला तर परीक्षक तिथेच अडवतील, आणि ते बरोबरच असेल.