"दुधाचा ताप" म्हणून अंगावर काढू नका

फॉरवर्ड आलाय: "बाळंतिणीला दूध उतरताना ताप येतोच, गोळी-डॉक्टर काही नको, शेक-धुरी द्या, चार-पाच दिवसात आपोआप जातो."

यातलं अर्धंच खरं आहे. दूध उतरतं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, तेव्हा छाती दगडासारखी होते आणि अंग थोडं कोमट लागतं, पण ते बहुतेक वेळा १०० च्या आसपास असतं आणि एका दिवसात उतरतं. थर्मामीटरवर १००.४ किंवा जास्त दिसलं की त्याला दुधाचा ताप म्हणायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि हो, शेगडीजवळून उठल्या उठल्या मोजू नका, अर्धा तास थांबा, नाहीतर आकडा उगाच वाढलेला येतो.

माझ्या जावेला सहाव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप १०१.८, सासूबाई म्हणाल्या दूधच आहे. पण छाती मऊ होती, ओटीपोट दाबलं की कळवळायची आणि पॅडला घाण वास येत होता, म्हणजे इन्फेक्शन गर्भाशयात. वारेचा तुकडा आत राहिलेला, सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावी लागली. नुसत्या पॅरासिटामॉलने ताप दबला असता आणि आम्ही निवांत बसलो असतो.

रक्ताचंही तसंच, अंगावरून जाणं हळूहळू कमी व्हायला पाहिजे, तासाभरात अख्खं पॅड भिजत असेल तर ताप असो-नसो १०८ लावा. रडू येणं दोन आठवड्यांपुढे गेलं तर तेही डॉक्टरला सांगायचं.