आंबटाचं त्रांगडं

आमच्या घरात पैशावरून भांडणं होत नाहीत. राजकारणावरून होतात, पण ती बातम्या संपल्या की मिटतात. आंबटावरून पेटलेलं भांडण मात्र ताटं घासून पालथी पडली तरी विझत नाही. आई मालवणची, बायको नागपूरची आणि वहिनी इंदूरच्या मराठी घरातली. आईच्या मते देवाने आंबट म्हणून फक्त सोलं निर्माण केली, म्हणजे तुमच्या भाषेत आमसुलं. बायकोचा जीव कैरीत. वहिनी लग्नात रुखवतासोबत आमचुराचा डबाही घेऊन आली असावी, असा मला दाट संशय आहे. दादा आणि मी पुण्यात वाढलो, त्यामुळे आम्हा दोघांना या विषयात मत नाही. पण रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, आणि मत नसलेल्या माणसाला तिन्ही बाजूंनी मार बसतो.

या भांडणाचा मोसम मार्च. गावाहून मे महिन्यात आलेली सोलं तोवर बरणीच्या तळाला चिकटलेली असतात, नवीन यायला अजून दोन महिने, कैऱ्या मंडईत नुकत्या दिसायला लागलेल्या आणि आमचूर काय, बारमाही. अशाच एका रविवारी दादा अर्धा किलो बांगडे घेऊन आला. मी खोबरं, बेडगी मिरची, धणे आणि हळद बारीक वाटून घेतली, तिरफळं ठेचून ठेवली आणि सोलांची बरणी उघडली. आत दोनच सोलं होती. एवढ्या कढीला मला मध्यम आकाराची सहा-सात लागतात.

“कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो,” मी म्हटलं.

“बाजारातली सोलां म्हणजे निसता मीठ,” आई म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला.

आई सगळ्या दुकानांवर अन्याय करते, पण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. रातांबे पिकले की ते फोडून बिया आणि गर वेगळा काढतात. मग सालं मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची आणि उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं कित्येकदा चालतं. प्रत्येक बुडीला सालात थोडा रस मुरतो आणि रंग काळपट जांभळ्याकडे जातो. पाऊस यायच्या आत हे उरकायचं म्हणून कोणी दोन बुड्या कमी दिल्या, तर ती भूक मिठाने भागवली जाते. चांगलं सोल बोटांत वाकतं आणि जरा चिकटतं. जे कडकन मोडतं आणि जिभेवर ठेवल्यावर आधी खारट लागतं, त्याची सहाची बारा घातली तरी कढी आंबट होण्याऐवजी खारट होते.

तेवढ्यात बायको मंडईच्या पिशवीतून कैरी काढून ओट्यावर ठेवत म्हणाली, “अहो, कैरी टाका ना. एवढं काय त्यात?”

वहिनीने बाहेरून आवाज दिला, “भाऊजी, चमचाभर आमचूर टाका, विषय संपवा!”

आई काहीच बोलली नाही. मालवणात याला युद्धाची घोषणा म्हणतात.

आता खरं सांगतो. सोलं नसतील तर माशाच्या कढीत कैरी चालते, नुसती चालत नाही, छान लागते. कोकणात आणि गोव्यात कैरीच्या दिवसांत कोलंबी, सुकट, बांगडे यांत ती हौसेने घालतात. हे आईलाही ठाऊक आहे, फक्त ते सुनेने सांगितलेलं तिला चालत नाही. अट एवढीच की कैरी खरोखर आंबट हवी. कापल्यावर गर पांढरट-हिरवा आणि कोय नुकती टणक व्हायला लागलेली असेल तर काम झालं. कोयीजवळ गर पिवळा पडला असेल तर ती गोडाला लागली. कोय अजून मऊ असेल तर ती कोवळी, म्हणजे आंबट कमी आणि तुरट जास्त. म्हणून कैरीला माप नसतं, आधी एक फोड चाखायची. त्या दिवशीची झकास आंबट होती, अर्धी पुरली.

फरक पडतो तो घालायच्या वेळेत. सोल पाण्यात हळूहळू सुटतं. ते वाटणाबरोबर उकळत टाकायचं, मासे सोडायचे, आणि कढी उतरल्यावरही ते आपलं काम करत राहतं. रात्री सोलं काढून ठेवली नाहीत तर दुसऱ्या दिवशी तीच कढी डोळे मिटायला लावते. कैरीचं तसं नाही. तिच्या फोडी शिजल्याशिवाय रश्शाला धड आंबट येत नाही, आणि फोडी शिजेपर्यंत उकळत ठेवलं तर आत सोडलेल्या बांगड्याचा चुरा होतो. म्हणून फोडी आधी वाटणात पाचेक मिनिटं शिजवल्या, एक फोड चमच्याने दाबून मऊ झाल्याची खात्री केली, मग मासे सोडले. मीठही चिमूटभर जास्त घातलं, कारण सोलं आपलं मीठ बरोबर आणतात आणि कैरी रिकाम्या हाताने येते.

आईने दोनदा भात घेतला. मग म्हणाली, “कडी बरी झाली. पण ही कैरीची कडी.” घरात याचा अर्थ नापास असा होत नाही, पुरवणी परीक्षा असा होतो.

वहिनीचं आमचूर मात्र मी कढीबाहेर ठेवलं आणि अजूनही ठेवतो. आमचूर म्हणजे कैरीच्याच फोडी सोलून, वाळवून केलेली पूड, तेव्हा चव परकी नाही. पण पूड पाण्यात विरघळत नाही, फक्त भिजते. कढीत ती खाली बसते, जिभेला बारीक रवाळ लागते आणि खोबऱ्याच्या वाटणाचा केशरी रंग मातकट करते. अगदीच नाइलाज असेल तर मोठा चमचाभर आमचूर कोमट पाण्यात भिजवून गाळायचं आणि ते पाणी शेवटी ओतायचं. त्यापेक्षा शेजारी कोणाकडे आंबोशी आहे का ते विचारावं. आंबोशी म्हणजे कैरीच्या खारवून वाळवलेल्या फोडी. आमचुराची न दळलेली कोकणी बहीण म्हणा. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून ती कढीत घातली की कैरीचा मोसम असो वा नसो, काम होतं. मी ही तोड सुचवली तेव्हा आई आणि वहिनी दोघींनी एकाच वेळी नाक मुरडलं. घरात पहिल्यांदाच एकमत झालं.

त्या दिवसापासून मी आंबट किती हवं हे विचारायचं सोडलं. पदार्थात पाणी किती चालेल, हे विचारतो. रस्सा पातळ असेल आणि आंबट कोणाच्या डोळ्यांना दिसायला नको असेल तर सोलं. फोड खायलाही मिळावी असं वाटत असेल तर कैरी. पाण्याचा थेंबही नको असेल तर आमचूर. पहिल्या दोघी एकमेकींच्या जागी बऱ्याचदा बसतात, आमचुराच्या जागी मात्र सहसा कोणी बसत नाही.

हे दादाला पटलं नव्हतं. वहिनी माहेरी गेली होती, आमचुराचा डबा संपला होता आणि त्याला बटाट्याचे पॅटिस करायची हुक्की आली. त्याने उकडलेल्या बटाट्यात कैरी किसून घातली. मिठाच्या संगतीत किसलेली कैरी पाणी सोडते, हे त्याला तेलाने शिकवलं. पहिलं पॅटिस कढईत उलगडलं, दुसरं उडालं आणि तिसऱ्याच्या वेळी तो झाकण ढालीसारखं धरून उभा होता. शेवटी उरलेल्या सारणाची भाजी झाली. चव उत्तम होती, पण पोळीबरोबर खावी लागली.

भेंडीचा निकाल मात्र उलटा लागतो. वहिनी भेंडीत आमचूर घालते, अगदी शेवटी, आच मंद करून, कारण तापल्या तेलात ते करपून कडवट होतं. आई त्याच भेंडीत सुरुवातीलाच दोन-तीन सोलं फाडून टाकते आणि झाकण ठेवत नाही. आंबटामुळे भेंडीचा बुळबुळीतपणा कमी होतो, तो शिजायला लागतानाच मोडलेला बरा. मी दोन्ही खाल्ल्या आहेत. सोलांची भेंडी काळपट दिसते आणि मोकळी होते. आमचुराची हिरवी राहते आणि चटपटीत लागते. हे मत मी दोघींपैकी कोणालाही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

वरणात कैरी घालायची तर बायको मला बजावते की डाळ मऊ शिजल्यावरच घाला. हे ती नागपूरची म्हणून नाही, बरोबर आहे म्हणून. आंबटाच्या संगतीत तुरीची डाळ लवकर शिजत नाही, शिट्ट्या होत राहतात आणि दाणे डोळे वटारून बघत बसतात. सोलं आणि आमचूर यांनाही हाच नियम. कैरी शिजलेल्या डाळीत पाच-सात मिनिटांत मऊ होते, घाई कशाला?

सोलकढीबद्दल मात्र पर्याय विचारायचा नाही. नारळाचं दूध आणि सोलांचं किंवा आगळाचं पाणी न तापवता एकत्र करायचं, तापवलं की ते फाटतं. कैरी घालून जे होतं ते वाईट नसतं, पण ते दुसरंच पेय असतं. काही ठिकाणी बिटाने गुलाबी केलेली सोलकढी मिळते. आई एक घोट घेते, भांडं खाली ठेवते आणि मग मालकाच्या गावाची चौकशी करते.

मागच्या चैत्रात बायकोने चैत्रगौरीला वाटली डाळ केली. कैरी ऐन वेळी गोड निघाली. वहिनी आमचुराचा डबा घेऊन तयारच होती, पण आमचूर डाळ कोरडी करतं, कैरीचा ओलावा देत नाही. आईने बरणीतली सोलं पुढे केली. मी म्हटलं, डाळ तांबूस होईल. तिघी माझ्याकडे वळल्या. मी फ्रीजमधलं लिंबू काढलं, पिळलं, आणि हळदीकुंकवाच्या बायका येईपर्यंत बाल्कनीत उभा राहिलो.